एकच लेथ, पाच कामे: लहान काम आधी घ्यावे की जवळच्या मुदतीचे?

लेथवाला_मारेगाव

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात माझे लहानसे वर्कशॉप आहे. वेल्डिंगचे दोन सेट आहेत, पण लेथ एकच आहे. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की लेथपुढे रांग लागते. आजवर मी नंबराने काम घेत आलो, कारण नंबर असला की कोणाशी वाद होत नाही. यंदा अभियांत्रिकीला असलेला भाचा सुटीत आला आणि म्हणाला, "मामा, नंबर सोडा. सगळ्यांत कमी वेळाचे काम आधी घ्या." माझ्या मिस्त्रीचे म्हणणे वेगळे आहे. ज्याची मुदत जवळ आहे त्याचे काम आधी करावे, असे तो म्हणतो. दोघेही ठाम आहेत.

गेल्या सोमवारी सकाळी ८ वाजता पाचही कामे माझ्या दारात होती, ती नंबराप्रमाणे देतो. आमचे काम ८ ते १२ आणि १ ते ५ चालते, म्हणजे दिवसाचे ८ तास.

रोटाव्हेटरचे दोन स्टब शाफ्ट: ९ तास, बुधवारी दुपारी १२ पर्यंत हवे.
थ्रेशरचा शाफ्ट: ६ तास, सोमवारी संध्याकाळी ५ पर्यंत.
पाण्याच्या मोटरीची बुश: २ तास, बुधवारी ३ पर्यंत.
ट्रॉलीच्या हबचे बोअरिंग: ४ तास, मंगळवारी दुपारी १२ पर्यंत.
हुकाच्या पिना: १ तास, बुधवारी ५ पर्यंत.

मी नंबराने गेलो. थ्रेशरवाल्याला ७ तास आणि हबवाल्याला ९ तास उशीर झाला, आणि दोघांचेही बोलणे ऐकून घ्यावे लागले. भाचा बरोबर की मिस्त्री, हे कोणी हिशेबाने सांगेल का?

निवृत्त_लेखापाल

पाचही कामांची बेरीज २२ तास होते. क्रम कसाही लावला तरी लेथ बुधवारी ३ वाजताच मोकळा होणार. मग क्रमाने फरक तो काय पडणार? मला तर हा वाद निरर्थक वाटतो.

मेकॅनिकल_अंतिम_वर्ष

काका, लेथला फरक पडत नाही, गिऱ्हाईकाला पडतो. भाच्याच्या नियमाने क्रम लावू: पिना, बुश, हब, थ्रेशर, रोटाव्हेटर. ही कामे अनुक्रमे १, ३, ७, १३ आणि २२ व्या तासाला पूर्ण होतात. बेरीज ४६, म्हणजे काम दारात आल्यापासून तयार होईपर्यंत सरासरी ९.२ तास लागले. नंबराने हीच सरासरी १६.८ येते. मिस्त्रीच्या क्रमाने थ्रेशर, हब, रोटाव्हेटर, बुश, पिना असे गेल्यास ६, १०, १९, २१, २२ अशी बेरीज ७८ होते आणि सरासरी १५.६. एसपीटी, म्हणजे कमी वेळाचे काम आधी हा भाच्याचा नियम, सरळ जिंकते.

शिवाय सरासरी लेटनेसही एसपीटीचाच सर्वांत कमी येतो. तो उणे ८ तास आहे आणि ईडीडीचा, म्हणजे जवळची मुदत आधी या मिस्त्रीच्या नियमाचा, उणे १.६. दोन्ही मापांत भाचाच बरोबर आहे, तेव्हा विषय इथेच संपायला हरकत नाही.

कापूसकोंड्या

विषय संपला असे या संस्थळावर पहिल्या पानावर म्हणणारे आजवर एकही टिकलेले नाहीत.

पळसाचं_पान

मेकॅनिकल, तुमची आकडेमोड अचूक आहे, पण निष्कर्ष अर्धाच आहे. थोडे सविस्तर लिहिते, कारण हा विषय मी काही वर्षे शिकवला आहे आणि नेमकी हीच चूक उत्तरपत्रिकांत दरवर्षी भेटते.

आधी एसपीटी का जिंकते ते पाहू. लेथवर पहिले चढलेले काम जितका वेळ घेते, तितका वेळ पाचही जणांच्या वाट्याला येतो. दुसऱ्या कामाचा वेळ चौघांच्या वाट्याला, तिसऱ्याचा तिघांच्या, आणि शेवटच्याचा फक्त त्याच्या स्वतःच्या. म्हणून पिना पहिल्या घेतल्या तर पाच गुणिले १ असा भार पडतो. थ्रेशर पहिला घेतला तर पाच गुणिले ६. मोठा गुणक लहान वेळाला लावला की बेरीज सर्वांत कमी होते, यात दुसरे काही गूढ नाही. लेखापाल काकांच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. ४६ ला २२ ने भागले तर सुमारे २.१ येते आणि ७८ ला भागले तर सुमारे ३.५. एसपीटीने वर्कशॉपच्या आवारात सरासरी दोन कामे पडून राहतात, ईडीडीने साडेतीन. लेथ तितकाच वेळ चालतो, पण आवारातली गर्दी आणि चकरा मारणारी माणसे बदलतात.

आता सरासरी लेटनेस. लेटनेस म्हणजे काम पूर्ण झालेल्या वेळेतून मुदत वजा केलेली असते, आणि मुदतींची सरासरी क्रमाने बदलत नाही. इथे ती १७.२ तास आहे. ९.२ मधून १७.२ गेले की उणे ८, आणि १५.६ मधून १७.२ गेले की उणे १.६. म्हणजे सरासरी लेटनेस हे वेगळे माप नाहीच. तुम्ही एकाच विजयाचे दोनदा ढोल वाजवलेत.

तो उणे ८ आला कुठून, हेही उलगडून पाहा. पिना २३ तास लवकर झाल्या, बुश १९ तास लवकर, हब ५ तास लवकर. आणि थ्रेशर ५ तास उशिरा, रोटाव्हेटर २ तास उशिरा. पिनांचे २३ तास थ्रेशरचा उशीर हिशेबात झाकून टाकतात. थ्रेशरवाल्याला मात्र पिनावाल्याच्या लवकर मिळण्याचा काडीचाही उपयोग नाही.

मिस्त्रीच्या क्रमात एकही काम उशिरा जात नाही. सर्वांत काठावरची कामे, म्हणजे रोटाव्हेटर आणि बुश, तीही मुदतीच्या तासभर आधी होतात. जास्तीत जास्त लेटनेस सर्वांत कमी ठेवण्याचे काम मुदतीचा क्रम करतो, हे जॅक्सन यांनी १९५५ मध्येच दाखवले आहे. त्यामुळे "कोण बरोबर" हा प्रश्न "कशाच्या बाबतीत बरोबर" असा विचारावा लागतो.

नंदू_थ्रेशर

थ्रेशरचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमचा थ्रेशर गावोगाव भाड्याने जातो. भाचा म्हणतो तशीच मागच्या वर्षी मी दोन-दोन एकरांची शेते आधी घेतली आणि दहा-बारा एकरांची मागे ठेवली. लहान शेते चार दिशांना होती. एका गावाहून दुसऱ्या गावी ट्रॅक्टर न्यायला कुठे अर्धा तास, कुठे दीड तास गेला, आणि डिझेल गेले ते वेगळेच. सरासरी कमी झाली नाही, उलट वाढली. तेव्हा हा नियम पुस्तकातच ठीक आहे.

पळसाचं_पान

नंदूभाऊ, तुमचे नुकसान खरे आहे, पण तो दोष नियमाचा नाही. एका कामाला लागणारा वेळ त्याच्या आधी कोणते काम होते यावर अवलंबून नसावा, ही या नियमाची अट आहे. तुमच्याकडे वाटेचा वेळ आधीच्या शेतावर ठरतो, म्हणून अट मोडते. जवळजवळची शेते एकत्र बांधून घेणे हा तुमचा मूळ प्रश्न आहे आणि तो याहून बराच अवघड आहे. लेथवाले दादा, तुमच्याकडे चक बदलण्यात किती वेळ जातो? तोही क्रमावर ठरत असेल तर आपले आकडे हलतील.

लेथवाला_मारेगाव

ताई, तीन जबड्यांचा चक काढून चार जबड्यांचा लावायला आणि काम सेंटर करायला अर्धा तास जातो. हबला तो लागतो आणि त्याच्या ४ तासांत मी तो धरलेला आहे. हब संपल्यावर चक परत बदलणेही त्यातच आले. इतर कामे तीन जबड्यांवर किंवा दोन सेंटरमध्ये होतात, म्हणून हे आकडे माझ्या मते चालतील.

हिशेब समजला, पण मन भरले नाही. मिस्त्रीच्या क्रमात पिनावाला तासाभराच्या कामासाठी बुधवारपर्यंत थांबतो. तो रोज चहाच्या टपरीवरून माझ्याकडे पाहत असतो.

कापूसकोंड्या

पिनावाल्याचे पाहणे कोणत्या मापात धरायचे? सरासरी की जास्तीत जास्त?

पळसाचं_पान

कापूसकोंड्या यांनी विनोदात विचारले, पण उत्तर गंभीर आहे: दोन्हींत.

सगळ्यांची मुदत पाळता येत असेल, तर ती पाळून उरलेल्या मोकळिकीत सरासरी कमी करता येते. स्मिथ यांनी १९५६ मध्ये त्याची रीत सांगितली आणि ती शेवटाकडून सुरू होते. शेवटचे काम २२ व्या तासाला संपणार. मग २२ किंवा त्यापुढची मुदत असलेली कामे कोणती? बुश आणि पिना. त्यांतले मोठे, म्हणजे बुश, शेवटी टाकावे. आता उरले २० तास. तिथवर थांबू शकणारी कामे रोटाव्हेटर आणि पिना. मोठा रोटाव्हेटर, तो चौथा. उरले ११ तास. हब आणि पिना थांबू शकतात, म्हणून हब तिसरा. उरले ७ तास, थ्रेशर दुसरा. पिना पहिल्या.

क्रम झाला पिना, थ्रेशर, हब, रोटाव्हेटर, बुश. कामे १, ७, ११, २०, २२ व्या तासाला होतात. एकही उशिरा नाही आणि सरासरी १२.२. मिस्त्रीच्या १५.६ पेक्षा ही बरीच चांगली आहे. सर्व मुदती पाळून याहून कमी सरासरी या पाच कामांत निघत नाही. पिनावाला सोमवारी ९ वाजता घरी जाईल.

मेकॅनिकल_अंतिम_वर्ष

ताई, चूक मान्य आहे. लेटनेस आणि उशीर यांत मी गल्लत केली. पण मग निदान एवढे तरी म्हणता येईल ना, की सगळ्यांच्या उशिराची बेरीज कमी करायची असेल तर ईडीडी वापरावी?

वैनगंगा

नाही, तेही म्हणता येत नाही. समजा दोनच कामे आहेत. एक १० तासांचे, मुदत पहिल्या तासाची. दुसरे १ तासाचे, मुदत दुसऱ्या तासाची. मुदतीच्या क्रमाने गेलात तर पहिल्याला ९ आणि दुसऱ्याला ९, असा १८ तासांचा उशीर होतो. उलट केलेत तर लहान काम वेळेत होते आणि मोठ्याला १० तास उशीर होतो. जे काम काहीही केले तरी बुडणारच आहे, त्याच्यामागे ईडीडी धावते आणि वाचण्यासारखे कामही बुडवते. उशिराच्या बेरजेसाठी असा सुटसुटीत नियम कोणालाच सापडलेला नाही, आणि हा प्रश्न मुळातच कठीण वर्गातला आहे हे १९९० मध्ये सिद्धही झाले आहे.

लेथवाले दादांच्या उदाहरणात सगळ्या मुदती पाळता येत होत्या, म्हणून ईडीडी शोभून दिसली. आता त्यात सहावे काम घाला. समजा सोमवारी सकाळीच कोणी पुलीचे काम आणले, वेळ ५ तास आणि मुदत मंगळवारी सकाळी १० ची, म्हणजे दहावा तास. मुदतीच्या क्रमाने थ्रेशर ६ व्या तासाला वेळेत होतो. पुढे पुलीला १, हबला ३, रोटाव्हेटरला ४, बुशला ४ आणि पिनांना ३ तास उशीर होतो. सहापैकी पाच गिऱ्हाईके नाराज. सर्वांत जास्त उशीर ४ तासच आहे आणि नियमाने वचन तेवढेच दिले होते, ते त्याने पाळले.

उशिरा जाणाऱ्या कामांची संख्या कमी करायची असेल तर मूर यांची १९६८ ची रीत आहे. मुदतीच्या क्रमाने कामे लावत जायचे, आणि एखादे उशिरा जाताना दिसले की तोवर लावलेल्यांतले सर्वांत लांब काम उचलून शेवटी टाकायचे. इथे पुली उशिरा जाते, म्हणून थ्रेशर उचलला जातो. बाकी पाचही वेळेत होतात. थ्रेशर मात्र २७ व्या तासाला, म्हणजे १९ तास उशिरा.

नंदू_थ्रेशर

सहा जणांत नेमका थ्रेशरवालाच उचलून मागे टाकला! कापलेले सोयाबीन शेतात ढीग लावून पडलेले असते आणि वर ढग असतात. ही रीत ज्यांनी काढली त्यांनी ऑक्टोबरात एकदा आमच्याकडे यावे.

वैनगंगा

तुमची तक्रार रास्त आहे. त्या रीतीला सहाही कामे सारखीच वाटतात, कारण आपण तिला तासांखेरीज काही सांगितलेच नाही. कामांना वजन देता येते, पण मग मूर यांची सोपी रीत चालत नाही. सहाच कामे असतील तर मी मोठ्या नियमांच्या मागे न लागता सरळ एवढेच करीन: थ्रेशर पहिला पक्का धरायचा आणि उरलेल्यांतून कोणाला फोन करून मुदत वाढवून घेता येते ते पाहायचे. थ्रेशरनंतर रोटाव्हेटर शेवटी टाकला, तर पुलीला १ तास, हबला ३ तास आणि रोटाव्हेटरला ७ तास उशीर होतो. बुश आणि पिना सुटतात. हे पटते की नाही, ते दादांनी ठरवावे.

गणपत_गिरणीवाले

माझी पिठाची गिरणी आहे. लहान डबे आधी हा क्रम मी वर्षानुवर्षे पाळतो आणि त्याची एक खोड सांगतो. तुमच्या हिशेबात सगळी कामे सकाळी ८ लाच दारात आहेत. माझ्याकडे डबे दिवसभर येतच राहतात. दोन पायल्यांचा डबा आला की तो आधी, तो होतो तोवर आणखी दोन डबे येतात, आणि सकाळी पोते ठेवून गेलेला माणूस संध्याकाळी येऊन पाहतो तर पोते जागचे हललेले नसते. सरासरी उत्तम असते आणि तो माणूस पुन्हा येत नाही. म्हणून मी तीन डब्यांनंतर एक पोते घेतोच, मग कितीही डबे असोत.

पळसाचं_पान

गणपतभाऊंनी एसपीटीची खरी दुखरी नस दाखवली. लहान कामे येत राहिली की मोठे काम मागेच राहते, आणि हे सरासरीत दिसत नाही. सर्वांत जास्त थांबलेल्याचा आकडा वेगळा लिहून ठेवला तरच ते लक्षात येते. तुमचा तीन डब्यांचा नियम सिद्धांतात बसत नसला तरी त्यामागचे कारण पक्के आहे.

गिरणीत डबे मधेच बदलता येतात. लेथवर अर्धवट काम चकमधून काढले की ते पुन्हा सेंटर करण्यात वेळ जातो, म्हणून चढवलेले काम संपवूनच पुढचे निवडावे. नवीन काम आले की क्रम फक्त उरलेल्या कामांचा नव्याने लावायचा.

निवृत्त_लेखापाल

माझा पहिला आक्षेप मी मागे घेतो. आता दुसरा घेतो. या सगळ्या गणितात मुदत ही खरी मानली आहे. आमच्या भागात "कधी पाहिजे?" असे विचारले की उत्तर एकच असते, "सकाळपर्यंत पाहिजेच, भाऊ." मुदतीने नंबर लागतो हे एकदा गावाला कळले की सगळ्यांच्याच मुदती सोमवारच्या होतील. कामाचा वेळ निदान मिस्त्री ठरवतो, त्यात गिऱ्हाईकाला हात घालता येत नाही.

मेकॅनिकल_अंतिम_वर्ष

मिस्त्रीचा अंदाजही चुकतोच की. गंजलेले बेअरिंग अडकले तर २ तासांचे काम ४ तासांवर जाते.

पळसाचं_पान

अंदाज चुकला तर एसपीटीत सहसा थोडेच बिघडते, कारण लहान-मोठ्याचा क्रम ढोबळ मानाने बरोबर राहतो. मुदती काठोकाठ भरलेल्या क्रमात मात्र तो झोंबतो. मी दिलेल्या १२.२ च्या क्रमात रोटाव्हेटर आणि बुश नेमक्या मुदतीवर पूर्ण होतात, हे मी आधी ठळकपणे सांगायला हवे होते. तासभर वीज गेली तरी दोन्ही उशिरा जातील. मिस्त्रीच्या क्रमात तेवढा तास पचतो.

लेथवाला_मारेगाव

मंडळी, आठवडाभराने लिहितो आहे. योगायोग असा की या सोमवारीही जवळपास तशीच पाच कामे आली, वेळही तेच आणि मुदतीही त्याच. ताईंचा क्रम लावला. पिना ९ वाजता गेल्या, थ्रेशर ४ वाजता तयार झाला, हब मंगळवारी ११ वाजता. तिन्ही वेळेआधी. मग रोटाव्हेटरचा शाफ्ट चढवला आणि दुपारी २ ला लाईट गेली, ती साडेतीनला आली. काम बुधवारी अडीचला संपले, मुदत १२ ची होती. बुश साडेचारला झाली, तिची मुदत ३ ची होती.

आता गंमत ऐका. बुशवाला दोन वाजल्यापासून दारात उभा होता, कारण त्याची ओलिताची पाळी होती. रोटाव्हेटरवाला, ज्याने बुधवारी १२ ला पाहिजेच म्हणून बजावले होते, तो गुरुवारी सकाळी दहाला आला. बुश आधी घेतली असती तर ती मंगळवारी २ वाजता, लाईट जाता जाताच झाली असती, आणि रोटाव्हेटर बुधवारी साडेचारला होऊनही कोणाला कळले नसते.

निवृत्त_लेखापाल

मी म्हणालोच होतो.

लेथवाला_मारेगाव

काका, म्हणून कालपासून वहीत दोन रकाने केले आहेत. एकात "कधी पाहिजे" आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष कधी नेले. महिनाभर भरून पाहतो. भाचा म्हणतो, दुसऱ्या रकान्यावरून मुदत धरू. मिस्त्री म्हणतो, गिऱ्हाईक उशिरा येते कारण आपले काम उशिरा होते हे त्याला ठाऊक आहे. आपण वेळेवर द्यायला लागलो की तोही वेळेवर येईल आणि ती वही खोटी पडेल. दोघांचे पुन्हा जुंपले आहे.

गणपत_गिरणीवाले

यात मिस्त्री बरोबर असावा. माझ्याकडे डबा तासाभरात होतो हे कळल्यापासून बायका तासाभराने येऊन हजर असतात.